दुहेरी मुळाची जुनी भानगड: दोन मॅट्रिक्स एकत्र कर्णरूपात आणण्याची पार्श्वभूमी

AB = BA असेल तर A आणि B यांचे आयगेनव्हेक्टर सामाईक असतात, हे वाक्य पदवीच्या वर्गात पाठ होते आणि क्वांटमच्या पेपरात तसेच्या तसे उतरते. ते अर्धे खरे आहे. ज्या अर्ध्यात ते खोटे ठरते तिथेच या विषयाचा बहुतेक इतिहास घडला आहे, आणि तो सगळा एका गोष्टीभोवती फिरतो: एकच आयगेनव्हॅल्यू दोनदा आली, म्हणजे तिच्या समीकरणाला दुहेरी मूळ असले, तर काय करायचे?

ही धास्ती मॅट्रिक्स या शब्दाहून जुनी आहे. लहान दोलनांचा सिद्धांत 1788 मध्ये ग्रंथरूपाने आला, तेव्हा त्यात असे धरले होते की समीकरणाला दुहेरी मूळ असेल, तर उत्तरात काळाने, म्हणजे t ने, गुणलेले पद शिरते, दोलन वाढत जाते आणि प्रणाली स्थिर राहत नाही. अवकल समीकरणे शिकलेल्या कोणालाही हे पटेल, कारण एका चलाच्या समीकरणात दुहेरी मूळ नेमके असेच वागते. पण इथे ते चूक होते. ही चूक नीट दुरुस्त व्हायला 1858 साल उजाडले. बर्लिनमधल्या एका शोधनिबंधाने दाखवले की गतिज ऊर्जा धन असेल, तर मूळ कितीही वेळा आले तरी गतिज आणि स्थितिज या दोन्ही ऊर्जांची वर्गरूपे एकाच चलबदलाने निव्वळ वर्गांच्या बेरजेत मांडता येतात. t चे पद कुठेच येत नाही.

आता शब्दाचा गुंता. 1858 च्या त्या निकालालाही आज ‘एकाच वेळी कर्णरूप करणे’ असेच म्हणतात, पण तो आपला निकाल नव्हे. तिथे गतिज ऊर्जेची मॅट्रिक्स M आणि स्थितिज ऊर्जेची K धरली, तर PᵀMP आणि PᵀKP कर्णरूपात येतात, आणि M व K यांनी क्रमनिरपेक्ष असण्याची, म्हणजे MK = KM असण्याची, अजिबात गरज नसते. दोन्ही सममित हवीत आणि एक धन निश्चित हवे, एवढेच. आपल्या निकालात P⁻¹AP आणि P⁻¹BP कर्णरूपात यायला हवेत, आणि त्याला AB = BA ही अट टाळता येत नाही, कारण दोन कर्णरूप मॅट्रिक्स नेहमीच क्रमनिरपेक्ष असतात. पहिल्यात वर्गरूप बदलते, दुसऱ्यात रूपांतरण. P लंबकोनी असेल, म्हणजे Pᵀ आणि P⁻¹ एकच असतील, तेव्हा दोन्ही गोष्टी एकमेकींवर बसतात. भौतिकशास्त्रात बहुतेक वेळा P तसाच असतो, म्हणून तिथे हा फरक कोणाच्या ध्यानात येत नाही. स्थापत्य अभियांत्रिकीतला माणूस मात्र इमारतीच्या कंपनांसाठी वस्तुमान आणि दृढता यांच्या मॅट्रिक्स घेतो. त्या सहसा क्रमनिरपेक्ष नसतात, तरी त्याचे काम चालते. दोघे एकच शब्द वापरून वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलत राहतात. माझ्या मते निदान मराठीत तरी या दोहोंना वेगळी नावे हवी होती. ‘एकसमयावच्छेदेकरून’ हा आपल्याकडचा भारदस्त शब्द दोन्हीकडे सारखाच बसतो आणि काहीच सोडवत नाही.

क्रमनिरपेक्ष मॅट्रिक्सकडे स्वतंत्र विषय म्हणून पाहिले गेले ते त्याच बर्लिनमध्ये, 1896 मध्ये. तेव्हा सिद्ध झाले की AB = BA असेल, तर दोघांच्या आयगेनव्हॅल्यूंच्या अशा जोड्या लावता येतात की A आणि B यांच्या कोणत्याही बहुपदीच्या आयगेनव्हॅल्यू त्याच जोड्यांवरून निघतात. यात कर्णरूपाचा शब्दही नाही, आणि ते बरोबरच आहे. ज्या 2×2 मॅट्रिक्समध्ये उजव्या वरच्या कोपऱ्यात 1 आणि बाकी सगळीकडे शून्य आहे, ती स्वतःशी क्रमनिरपेक्ष असतेच, पण तिला कर्णरूप देता येत नाही. म्हणून दोन्ही मॅट्रिक्स आधी एकेकट्या कर्णरूपात येण्याजोग्या हव्यात, ही अट वेगळी लिहावी लागते. सममित मॅट्रिक्समध्ये ती आपोआप पुरी होते आणि म्हणूनच विसरली जाते.

मग 1925 उजाडले. गॉटिंगेनमध्ये स्थान आणि संवेग यांच्या मॅट्रिक्ससाठी pq − qp ही वजाबाकी शून्य नसून ठरावीक संख्या गुणिले एकक मॅट्रिक्स असते, असे लिहिले गेले. मर्यादित आकाराच्या मॅट्रिक्समध्ये हे अशक्यच: डावीकडच्या कर्णाची बेरीज नेहमी शून्य, उजवीकडची नाही. त्यामुळे अनंत आकार घ्यावा लागला. क्रमनिरपेक्ष नसणे ही बातमी झाली, आणि क्रमनिरपेक्ष असण्याला ‘दोन्ही राशी एकत्र मोजता येतात’ असा अर्थ चिकटला. 1930 पर्यंत ‘क्रमनिरपेक्ष राशींचा पूर्ण संच’ ही कल्पना पाठ्यपुस्तकात पोहोचली. एका राशीने ओळख पटत नसेल तर दुसरी जोडायची, आणि आयगेनव्हॅल्यूंची प्रत्येक जोडी वेगळी होईपर्यंत जोडत राहायचे. दुहेरी मूळ ही आता अडचण राहिली नाही, दुसऱ्या मॅट्रिक्सला बोलावण्याचे ते कारण झाले.

हे जवळून पाहायला तीन कार्बनचे वलय पुरेसे आहे. 1931 पासूनच्या ह्युकेल पद्धतीत, α शून्य आणि β एक धरले, तर त्याची मॅट्रिक्स अशी होते: कर्णावर शून्य, बाकी सगळीकडे 1. ही A. पहिल्या आणि दुसऱ्या अणूची अदलाबदल करणारी मॅट्रिक्स B. तिन्ही अणू सारखेच असल्याने AB = BA. A च्या आयगेनव्हॅल्यू 2, −1, −1. दोनसाठीचा व्हेक्टर (1, 1, 1), आणि तो B चाही आहे. −1 साठी x + y + z = 0 हे अख्खे प्रतल मिळते. वर्गात आपण y आणि z ला आळीपाळीने 1 देऊन u = (−1, 1, 0) आणि v = (−1, 0, 1) लिहितो आणि मोकळे होतो. B लावून पाहा: u चे (1, −1, 0) होते, म्हणजे −u, ते ठीक. पण v चे (0, −1, 1) होते, आणि ते v च्या कोणत्याही पटीत बसत नाही. A चा अस्सल आयगेनव्हेक्टर, पण B चा नव्हे. पाठ केलेले वाक्य इथे पडते.

वाचते ते एवढेच: B लावल्यावर v प्रतलाबाहेर जात नाही. (0, −1, 1) = v − u. AB = BA ही अट नेमकी याचीच हमी देते, कारण A(Bv) = B(Av) = −Bv. तेव्हा पुढचे काम प्रतलाच्या आत उरते. u आणि v यांच्या आधारात B ही 2×2 मॅट्रिक्स होते, पहिला स्तंभ (−1, 0) आणि दुसरा (−1, 1). तिच्या आयगेनव्हॅल्यू −1 आणि 1. एकसाठी u − 2v घ्यावा लागतो, म्हणजे (1, 1, −2). सामाईक व्हेक्टर तीन ठरले: (1, 1, 1), (1, −1, 0) आणि (1, 1, −2), आणि त्यांच्या जोड्या अनुक्रमे (2, 1), (−1, −1) आणि (−1, 1). A मध्ये −1 दोनदा आहे, B मध्ये 1 दोनदा आहे, पण जोडी मात्र एकही पुन्हा येत नाही. एकट्या A ने किंवा एकट्या B ने जे ठरत नव्हते ते दोघींनी मिळून ठरवले.

1931 मध्येच आणखी एक गोष्ट सिद्ध झाली: असे क्रमनिरपेक्ष स्व-संलग्न कारक सगळे एकाच कारकाची फलने म्हणून लिहिता येतात. त्या काळी हा निकाल अनंत आकारासाठी होता. संगणकाच्या जमान्यात तो एक साधी युक्ती म्हणून परत आला: A आणि B वेगवेगळ्या हाताळू नका, A + tB घ्या. इथे t म्हणजे काळ नव्हे, आपण निवडलेली एखादी संख्या. आपल्या उदाहरणात तिच्या आयगेनव्हॅल्यू 2 + t, −1 − t, −1 + t येतात. t शून्य किंवा −1.5 नसेल तर तिन्ही वेगळ्या, मग दुहेरी मुळाचा प्रश्नच मिटतो.

```
import numpy as np
A = np.array([[0,1,1],[1,0,1],[1,1,0]])
B = np.array([[0,1,0],[1,0,0],[0,0,1]])
w, V = np.linalg.eigh(A + 0.3*B)
print(np.round(V.T @ A @ V, 6))
print(np.round(V.T @ B @ V, 6))
```

दोन्ही कर्णरूपात येतात: A च्या कर्णावर −1, −1, 2 आणि B च्या कर्णावर −1, 1, 1. `eigh(A)` एवढेच चालवले असते, तर प्रतलातली कोणती लंब जोडी हाती येईल ते B ला विचारून ठरले नसते.

खरी कसोटी मोजलेल्या आकड्यांवर लागते, कारण तिथे AB = BA तंतोतंत कधीच नसते. A च्या पहिल्या खान्यात शून्याऐवजी 0.001 ठेवा. AB − BA मध्ये फक्त दोन खाने शून्याबाहेर जातात, 0.001 आणि −0.001. कोणीही म्हणेल, जवळपास क्रमनिरपेक्षच आहे. पण आता A ची दुहेरी −1 किंचित फाकते, आणि तिचे व्हेक्टर जवळजवळ (2, −1, −1) आणि (0, 1, −1) या दिशांना ओढले जातात. ती चूक 0.001 ऐवजी 0.000001 केली तरी दिशा त्याच. कारण प्रतलात दुसरे काही ठरवणारे नाही, गोंधळ जे सांगेल ते. या व्हेक्टरांवर B मांडली, तर कर्णावर −0.5 आणि 0.5 येतात आणि कर्णाबाहेर 0.866 इतका मोठा आकडा उरतो. A + 0.3B वापरले तर तोच कर्णाबाहेरचा आकडा 0.001 च्या आसपास राहतो, कारण तिथे दोन जवळच्या मुळांत 0.6 चे अंतर आहे. t फार लहान घेतला की हे अंतरही जाते आणि आपण पुन्हा पहिल्याच खड्ड्यात पडतो.

म्हणूनच 1990 च्या दशकात रोख बदलला. 1846 च्या जेकोबी पद्धतीत एका सममित मॅट्रिक्सला छोट्या फिरक्या देत कर्णाबाहेरचे आकडे घटवतात. 1993 आणि 1996 च्या कामांत तीच फिरकी सगळ्या मॅट्रिक्सना एकदम द्यायची ठरली, आणि तिचा कोन सर्वांच्या कर्णाबाहेरच्या वर्गांची एकत्र बेरीज कमीत कमी होईल असा निवडायचा. मिसळलेले आवाज किंवा संकेत वेगळे करणाऱ्यांनी ही पद्धत लगोलग उचलली, कारण त्यांच्याकडे दोन नव्हे, डझनावारी मॅट्रिक्स असतात आणि एकही जोडी नेमकी जुळत नाही.

त्याच दशकात शुद्ध गणिताच्या बाजूने एक जुना प्रश्न सुटला: दोन स्व-संलग्न मॅट्रिक्स जवळपास क्रमनिरपेक्ष असतील, तर त्यांच्याजवळ खरोखर क्रमनिरपेक्ष अशी जोडी असतेच का, आणि तेही मॅट्रिक्सचा आकार कितीही मोठा असला तरी? उत्तर हो असे आले. तीन मॅट्रिक्ससाठी ते नाही असे आहे, आणि 1983 पासून माहीत आहे की दोन युनिटरी मॅट्रिक्ससाठीही नाही. डझनावारी मॅट्रिक्सवर फिरक्या देणाऱ्या प्रोग्रॅमला त्यामुळे दोघींसाठीची ती हमी लागू होत नाही. शेवटी कर्णाबाहेर किती उरले ते छापून पाहावेच लागते.