महिन्याची बेरीज नको, आठवड्याचे आकडे द्या
(बुलव्हिप तपासणीसाठी येणाऱ्या ग्राहकांकरिता)

"दुकानात खप होता तेवढाच आहे, मग आमच्याकडे एका आठवड्यात दुप्पट ऑर्डर आणि पुढच्या आठवड्यात शून्य, असं का?" रबाळे, महापे, तुर्भ्याचे कारखानदार वागळे इस्टेटमधल्या आमच्या ऑफिसात येतात ते बहुधा हाच प्रश्न घेऊन. सोबतची फाइल मात्र महिन्याच्या बेरजांची असते. तिच्यात हे दुखणं दिसतच नाही, म्हणून ती आम्ही परत करतो. काहींना हा आमचा हट्ट वाटतो. त्यांनी खालचं गणित पाहावं.

समजा, लादी पुसायचं द्रावण आहे. एका वितरकाच्या सगळ्या दुकानांत मिळून आठवड्याला १०० खोकी खपतात. दुकानदारांचा नियम सरळ आहे: या आठवड्यात जेवढं खपलं त्याच्या दुप्पट माल पुढच्या आठवड्यासाठी हाताशी हवा. वितरकाचाही नियम तोच, फक्त तो दुकानांच्या ऑर्डरी पाहतो. मागवलेला माल पुढच्या आठवड्याआधी पोचतो, असं धरू. आता एकाच आठवड्यात खप ११० झाला आणि मग परत १०० वर आला.

| आठवडा | दुकानातला खप | दुकानांची ऑर्डर | वितरकाची कारखान्याला ऑर्डर |
|---|---|---|---|
| १ | ११० | १३० | १९० |
| २ | १०० | ८० | ० |
| ३ | १०० | १०० | १२० |
| ४ | १०० | १०० | १०० |
| एकूण | ४१० | ४१० | ४१० |

पहिल्या आठवड्यात दुकानांकडे २०० होती, ११० विकली, ९० उरली. आता हवीत २२०, म्हणून ऑर्डर १३०. वितरकाने २०० मधून ती १३० दिली, त्याच्याकडे ७० उरली. त्याला वाटलं मागणी १३० वर गेली, म्हणजे हवीत २६०. त्याने १९० मागवली. पुढच्या आठवड्यात दुकानांनी ८० च मागितली. वितरकाकडे १८० पडून, हवीत फक्त १६०. ऑर्डर शून्य. इथे कुणी चूक केलेली नाही, कुणी लबाडीही केलेली नाही. आसूड धरणाऱ्याचं मनगट जरासं हललं तरी टोक लांबवर फटकारतं, तसा हा प्रकार. 'बुलव्हिप' हे नाव त्यावरूनच पडलं.

आता शेवटची ओळ पाहा. तिन्हीकडे ४१०. महिन्याची फाइल घेऊन बसलो तर आम्हीही 'सगळं ठीक आहे' असंच सांगू, आणि तुम्ही मात्र पहिल्या आठवड्यात ओव्हरटाइम देऊन दुसऱ्यात मशीन बंद ठेवलेलं असेल. महिनाअखेरच्या स्कीममुळे शेवटच्या आठवड्यात भरलेला मालही याच बेरजेत लपतो.

मोजणी साधी आहे. एक्सेलमध्ये B रकान्यात आठवड्याचा खप आणि C मध्ये तुमच्याकडे आलेल्या ऑर्डरी, ५२ आठवड्यांच्या:

```
=VAR.P(C2:C53)/VAR.P(B2:B53)
```

उत्तर १ च्या वर गेलं की ऑर्डरी खपापेक्षा जास्त हेलकावतात. वरच्या चार आठवड्यांचं उत्तर साधारण २४६ येतं, पण दचकू नका. खप जवळजवळ स्थिर असला की भागाकार असाच फुगतो. म्हणून आम्ही नुसतं गुणोत्तर देत नाही. एकेका टप्प्यावर ते किती वाढलं तेही दाखवतो. इथे दुकानांच्या पातळीवर ते १७ आहे, उरलेली वाढ वितरकाकडे झाली. गणपती-दिवाळीचा खप खराच वाढतो, ते आठवडे आम्ही वेगळे काढतो.

उपाय बहुतेक वेळा कुठे सापडतो, तेही याच उदाहरणात दिसतं. दुकानदाराने एका आठवड्याऐवजी आठ आठवड्यांच्या सरासरीवर स्टॉक ठरवला, तर सरासरी १०१.२५ येते आणि त्याची ऑर्डर १३० ऐवजी ११३ होते. वितरकानेही तोच खप पाहून स्टॉक ठरवला, तर तुमच्याकडे १९० ऐवजी ११६ ची ऑर्डर येते. खप खरंच वाढला असेल तर हीच सरासरी उशिरा जागी होते, ही तिची किंमत. म्हणून किती आठवडे धरायचे हे प्रत्येक मालाचं वेगळं पाहावं लागतं. ते काम आमचं.

येताना एकाच मालाच्या दोन फाइली आणा. पहिलीत दुकानांच्या बिलिंग मशीनवरची आठवडावार विक्री. सगळी दुकानं मिळाली नाहीत तर दहा-बारा चालतील, पण थोड्या दुकानांचा खप सगळ्या दुकानांइतका वाढवून धरला की तो जास्त हलता दिसतो आणि गुणोत्तर खऱ्यापेक्षा कमी येतं. अहवालात आम्ही तसं लिहून देतो. दुसरीत वितरकाने *मागितलेला* माल, ऑर्डरच्या तारखेने. टॅलीतली विक्रीची बिलं नकोत. ३०० मागितली आणि तुम्ही १५० पाठवली, तर बिलात १५० च दिसतात. दोन्हीकडे खोकी तरी, नाहीतर बाटल्या तरी.

पहिल्या मालाची तपासणी आम्ही बैठकीतच, वेगळी फी न घेता करतो. दुकानात माल संपला होता ते आठवडे मात्र आधीच खूण करून आणा. त्या आठवड्यात विक्री शून्य असली तरी मागणी शून्य नव्हती.