वाफेतून धुक्यात

कोल्हापूरवर एक छोटा व्हिडिओ करत होतो. पहिली क्लिप गुऱ्हाळाची: काहिलीत रस उकळतोय आणि वाफेबरोबर कॅमेराही वर चढतोय. दुसरी पहाटेच्या रंकाळ्याची: पाण्यावर धुकं, त्यात पुसटसा संध्यामठ. दोन्ही एआयने बनवलेल्या. काहिलीची वाफ बघता बघता रंकाळ्यावरचं धुकं व्हावी, एवढीच हौस होती.

यासाठी पहिल्या क्लिपची शेवटची फ्रेम आणि दुसरीची पहिली फ्रेम मॉडेलला द्यायची. मधलं ते भरतं, म्हणजे दोन क्लिपमध्ये पूल बांधतं. शेवटची फ्रेम स्क्रीनशॉटने घेऊ नका, मूळ फाइलमधूनच काढा:

```
ffmpeg -sseof -1 -i gurhal.mp4 -update 1 shevat.png
```

मॉडेल मधल्या फ्रेम एकामागून एक काढत नाही. सुरुवातीला सगळ्या फ्रेमच्या जागी नुसता गोंगाट असतो, जुन्या टीव्हीवरच्या मुंग्यांसारखा. तो सगळीकडे एकदमच, टप्प्याटप्प्याने निवळत जातो आणि प्रत्येक टप्प्यावर दोन्ही टोकांची चित्रं मॉडेलसमोर असतात. म्हणून पूल दुसऱ्या काठाला बरोबर टेकतो.

तरी माझा पहिला प्रयत्न फसला. वर चढणारा कॅमेरा जोडापाशी गचकन थांबला, मग पुन्हा हलला. शिवाय काहिलीची गोल कड वितळून तळ्याचा काठ झाली! कारण साधं आहे. फ्रेममध्ये वस्तू कुठे आहे ते दिसतं, ती किती वेगाने कुठे निघाली होती ते दिसत नाही. धावत्या एसटीचा फोटो पाहून ती थांब्यावर उभी आहे की सुसाट चाललीय, हे सांगता येत नाही, तसंच.

मग पहिली क्लिप थोडी आधीच कापली, जिथे वाफेने जवळजवळ सगळी चौकट झाकली होती. दुसरीही दाट धुक्यापासून सुरू केली. पांढऱ्या पडद्यावर डोळ्याला वेग मोजायला खूण उरत नाही, आणि वितळायला कडही नाही. सूचनेत ‘कॅमेरा त्याच संथ गतीने वर जात राहतो’ असं लिहिलं. काही साधनांना एकाऐवजी शेवटच्या अनेक फ्रेम देता येतात. त्यांना वेग आपसूक कळतो. मला तेवढी गरज पडली नाही.

मी वापरलेलं Wan2.1 मॉडेल एका वेळी 81 फ्रेम देतं, सेकंदाला 16 या हिशेबाने साधारण पाच सेकंद. पण त्यातली पहिली आणि शेवटची फ्रेम शेजारच्या क्लिपमध्ये आधीच असते. दोन्ही ठेवल्या तर प्रत्येक जोडावर चित्र क्षणभर अडखळतं. त्या काढल्या, 79 उरल्या.

एक खोट मात्र राहिली होती. दिलेली फ्रेमसुद्धा मॉडेल आतमध्ये आकसून पुन्हा उलगडतं, तेव्हा रंग किंचित सरकतो. जोडावर एकेक फ्रेम मागेपुढे केल्यावर दिसलं: गुऱ्हाळाची वाफ पिवळसर आणि पुलाची निळसर. ती हाताने, थोडी थोडी पिवळी करत नेली.