शालेय ग्रंथालयातील ग्रंथनिष्कासन

शाळेच्या ग्रंथालयातील कालबाह्य, जीर्ण किंवा कोणीही वाचत नसलेली पुस्तके तपासून संग्रहातून रीतसर काढणे आणि त्यांच्या जागी काय आणायचे ते ठरवणे, याला ग्रंथनिष्कासन म्हणतात. रोजच्या बोलीत याला ‘पुस्तके बाद करणे’ असेच म्हणतात. अमेरिकेतील टेक्सास राज्यात 1976 मध्ये या कामाची एक पद्धत लिहून काढली गेली आणि जगभरची छोटी ग्रंथालये आजही तिचा आधार घेतात. संग्रह एकदाच झाडून काढण्याऐवजी थोडाथोडा, सतत तपासत राहावा, हे तिचे मुख्य सूत्र आहे. पुण्यातल्या शाळांना यासाठी वार्षिक परीक्षेनंतरचा एप्रिल महिना सर्वांत सोयीचा असतो. पुस्तके परत आलेली असतात, हवा कोरडी असते आणि जूनच्या पावसाआधी कपाटे रिकामी करून पुसता येतात.

एका वेळी एकच कपाट घ्यावे. समजा, चार हजार पुस्तकांच्या शाळेत भूगोल आणि खगोलशास्त्राच्या कपाटात 160 पुस्तके आहेत. प्रत्येक पुस्तक हातात घेऊन उघडायचे. नुसत्या यादीवरून हे काम होत नाही, कारण पुस्तकाची खरी अवस्था यादीत दिसत नाही.

पहिली तपासणी मजकुराची. प्लूटोला ग्रह मानणारी पुस्तके 2006 नंतर चुकीची ठरली. महाराष्ट्राच्या ज्या नकाशात पालघर जिल्हा नाही, किंवा भारताच्या ज्या नकाशात तेलंगण नाही, तो 2014 पूर्वीचा आहे. जम्मू-काश्मीर राज्य दाखवणारा नकाशा 2019 च्या ऑक्टोबरअखेरीपूर्वीचा असतो. इथे हमखास होणारी चूक म्हणजे मुखपृष्ठामागच्या शेवटच्या सालावर विश्वास ठेवणे. ‘पुनर्मुद्रण 2018’ असे छापलेले असले तरी मजकूर 1998 च्या पहिल्या आवृत्तीचाच असू शकतो. पुनर्मुद्रण म्हणजे तोच मजकूर पुन्हा छापणे, तर ‘सुधारित आवृत्ती’ असे लिहिले असेल तरच बदलाची अपेक्षा करावी, आणि तेव्हाही ग्रहांचे पान उघडून खात्री करावी. कथा-कादंबऱ्यांना ही कसोटी लावू नये. गोष्ट सालामुळे जुनी होत नाही.

दुसरी तपासणी कागदाची. पिवळ्या पानाचा कोपरा दोन-तीन वेळा मागेपुढे दुमडावा. तो तुटून हातात आला, तर कागद मेलेला आहे आणि बांधणी करून पैसे वाया जातील, कारण शिलाईच्या भोकांपाशीच पाने फाटतात. कोपरा टिकला आणि आतला समास दीड सेंटीमीटर तरी असला, तर पुस्तक बाइंडरकडे द्यावे. पिना मारलेल्या पातळ पुस्तकांत पुण्याच्या पावसाळ्यात पिनांना गंज चढतो आणि मधली पाने तपकिरी डागांसह सुटतात. पान धड असेल तर गंजलेली पीन काढून दोऱ्याने शिवणे पुरते. बुरशी लागलेले किंवा वाळवीची मातीची रेघ असलेले पुस्तक मात्र लगेच पिशवीत घालून वेगळ्या खोलीत न्यावे, आणि शेजारच्या पुस्तकांबरोबर कपाटाची मागची फळीही तपासावी.

तिसरी तपासणी वाचनाची, आणि सर्वाधिक फसगत इथेच होते. तारखेच्या चिठ्ठीवर चार वर्षांत एकही शिक्का नसला, तरी पुस्तक न वाचलेले असतेच असे नाही. अनेक मराठी शाळांत वर्गशिक्षक चाळीस-पन्नास पुस्तके एकदम वर्गात नेतात आणि नोंदवहीत एकच ओळ होते. म्हणून पुस्तकाकडेच पाहावे. पुस्तक मिटून धरले की पानांच्या मोकळ्या कडेला, खालच्या कोपऱ्यापाशी, मुलांच्या अंगठ्याने काळसर पट्टा पडलेला दिसतो. तो पट्टा जिथपर्यंत आहे तिथपर्यंत पुस्तक वाचले गेले. कड स्वच्छ आणि वर धूळ असेल तर ते खरोखर पडून आहे. तरीही ते लगेच काढू नये. कणा कोरा आहे का, ते सर्वांत वरच्या फळीवर होते का, आधी पाहावे. अशी पुस्तके एक सत्र डोळ्यांच्या पातळीवर, मुखपृष्ठ समोर करून ठेवावीत.

या कपाटाचा हिशेब असा बसू शकतो: मजकूर चुकलेली 11, अनावश्यक जादा प्रती 9, ठिसूळ 6 आणि पडून असलेली 12. त्या बारांपैकी 5 दिवाळीपर्यंत मुलांनी नेली, म्हणून ती राहिली. एकूण 33 बाद, 127 शिल्लक.

काही गोष्टी कुठल्याही कसोटीने काढू नयेत: शाळेचे स्वतःचे वार्षिक अंक, सुवर्णमहोत्सवी स्मरणिका, जुन्या विद्यार्थ्यांचे लेखन. स्वातंत्र्यापूर्वीची मराठी पुस्तके आणि मासिकांचे खंड रद्दीत टाकण्याआधी जाणकाराला दाखवावेत. भारत इतिहास संशोधक मंडळ आणि भांडारकर संस्था असलेल्या शहरात असा जाणकार शोधणे अवघड नाही, आणि एकदा लगद्यात गेलेला खंड परत मिळत नाही.

बाद करण्याची कागदोपत्री बाजू पुस्तके काढण्याइतकीच महत्त्वाची आहे. दाखल क्रमांक, नाव, किंमत आणि कारण अशी यादी करून मुख्याध्यापक, ग्रंथपाल आणि विषयशिक्षकांच्या समितीने ती पाहावी व शाळेच्या नियमांप्रमाणे व्यवस्थापनाची मंजुरी घ्यावी. दाखल नोंदवहीतली ओळ खोडायची नाही आणि तो क्रमांक नव्या पुस्तकाला द्यायचा नाही. शेरा रकान्यात लाल शाईने ‘बाद’, ठराव क्रमांक व तारीख लिहावी. हे राहून गेले की पुढच्या मोजणीत तीच 33 पुस्तके ‘गहाळ’ दिसतात आणि जबाबदारी ग्रंथपालावर येते. प्रत्येक पुस्तकावर ‘बाद’ शिक्का मारताना शीर्षकपृष्ठाबरोबर, शाळा प्रत्येक पुस्तकात आतल्या ज्या ठरलेल्या पानावर आपली खूण करते, त्या गुप्त पानावरही मारावा. नाहीतर ते पुस्तक फुटपाथवर विकायला येते आणि एखादा सज्जन वाचक चोरीचे समजून शाळेत आणून देतो. चुकीच्या मजकुराची पुस्तके दुसऱ्या शाळेला दान देऊ नयेत. जे आपल्या मुलांना अपुरे आहे ते खेड्यातल्या मुलांनाही अपुरेच आहे.

बदली पुस्तके ठरवताना 33 गेली म्हणून 33 आणू नयेत. खरेदीची पहिली यादी फाटक्या पुस्तकांतूनच मिळते: जी वाचून वाचून संपली, त्यांच्या दोन-दोन नव्या प्रती घ्याव्यात. दुसरी यादी मागणी वहीतली, म्हणजे मुलांनी मागितले पण मिळाले नाही ते. तिसरी कपाटातल्या पोकळीची. वरच्या उदाहरणात सूर्यमालेवरचे एकही बरोबर पुस्तक उरले नाही, म्हणून तिथे दोन-तीन आणि एक नवा नकाशासंग्रह लागेल. बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाचे जुने अंक संकेतस्थळावर मोफत वाचता येतात, त्यामुळे त्यांच्या फाटक्या प्रती जपण्यात फळी अडवायची गरज नाही.

खरेदीला अप्पा बळवंत चौकात जाताना सहावी-सातवीची दोन मुले बरोबर न्यावीत. दुकानात पुस्तक मधोमध पूर्ण उघडावे. गोंद करकरला तर ते शाळेच्या हाताळणीत वर्षभर टिकणार नाही, शिवलेली प्रत मागावी. देणगीलाही हीच कसोटी लावावी. जुना वाडा पाडताना किंवा फ्लॅट बदलताना पुणेकर प्रेमाने खोकीच्या खोकी पाठवतात, आणि त्यांत जुनी गाइडे व नऊ ग्रहांची पुस्तके पुन्हा येतात. आपण विकत घेतले असते तेवढेच ठेवू, हे खोके स्वीकारण्याआधीच सांगावे. फळ्या दोन तृतीयांशच भराव्यात, म्हणजे काही पुस्तके मुखपृष्ठ दाखवत उभी राहू शकतात.