सुएझला दरवाजे का नाहीत?

सुएझ कालव्याची बातमी आली की सोबत हमखास एक ॲनिमेशन फिरू लागतं. त्यात जहाज एका हौदात शिरतं, मागचा दरवाजा बंद होतो, हौदात पाणी भरतं आणि जहाज वर उचललं जातं. दृश्य छान आहे, पण ते पनामाचं आहे. सुएझमध्ये असा एकही दरवाजा नाही. पोर्ट सैदला भूमध्य समुद्रातून आत शिरलेलं जहाज 193 किलोमीटर सरळ चालत जातं आणि सुएझ शहरापाशी तांबड्या समुद्राच्या आखातात बाहेर पडतं. वाटेत ते कुठेही चढत नाही की उतरत नाही.

आज हे साधं वाटतं. पण दोन्ही समुद्रांची पातळी सारखी आहे, हे कळायलाच जवळपास पन्नास वर्षं गेली. तांबडा समुद्र उंचावर आहे आणि वाट मोकळी केली तर इजिप्त बुडेल, ही भीती तर थेट प्राचीन काळापासूनची. नाईलपासून तांबड्या समुद्राकडे कालवा काढणाऱ्या इराणच्या दारयवहूला याच कारणासाठी काम थांबवायला सांगितलं होतं, असं ग्रीक लेखक लिहून गेले. नेपोलियन 1798 मध्ये इजिप्तमध्ये उतरला, तेव्हा त्याच्यासोबतचा अभियंता ल पेर याने प्रत्यक्ष मोजणी केली. तिचं उत्तर आलं: तांबडा समुद्र 9.9 मीटर वर. भीतीला आता आकडा मिळाला.

एवढी मोठी चूक कशी झाली असेल? बांधकामावर ज्यांनी ‘लेव्हल घेताना’ पाहिलं आहे त्यांना कल्पना येईल. मधोमध दुर्बीण, मागे एक पट्टी, पुढे एक पट्टी. दोन्ही वाचनांतला फरक म्हणजे त्या दोन जागांच्या उंचीतला फरक. मग दुर्बीण पुढे न्यायची आणि पुन्हा तेच. सुएझची संयोगभूमी ओलांडायला हे हजारभर वेळा करावं लागतं. यात नुसती वाचनाची चूक फारशी घातक नसते. कधी ती जास्त होते, कधी कमी, आणि बरीचशी आपोआप फिटते. घातक असते ती एकाच दिशेला होणारी चूक. समजा, दुर्बीण किंचित वर बघते आहे. मागची पट्टी आणि पुढची पट्टी सारख्याच अंतरावर असतील, तर दोन्ही वाचनं सारखीच चुकतात आणि वजाबाकीत चूक नाहीशी होते. पण घाईत पुढची पट्टी दरवेळी जास्त लांब धरली, तर चूक साठत जाते. हजार टप्प्यांत दरवेळी फक्त एक सेंटिमीटर साठला तरी दहा मीटर होतात! उपाय एकच: त्याच वाटेने उलटं मोजत परत यायचं आणि सुरुवातीचीच उंची हाती लागते का ते पाहायचं. ल पेरची मोजणी युद्धाच्या धामधुमीत, अडत-थांबत, तुकड्यातुकड्यांत झाली होती. 1847 मध्ये बुर्दालू या फ्रेंच मोजणीतज्ज्ञाच्या पथकाने काळजीपूर्वक मोजलं, तेव्हा भरती-ओहोटी सोडली तर पातळीत दखल घेण्याजोगा फरक उरला नाही.

आता एक गंमत पाहू. ल पेरचा आकडा खरा असता तर काय झालं असतं? डोळ्यांसमोर धबधबा येतो, पण पाण्याला वेग देतो तो उतार, नुसती उंची नव्हे. दहा मीटरचा फरक त्या वेळच्या सुमारे 160 किलोमीटर लांब कालव्यावर पसरला, तर उतार पडतो किलोमीटरला सहा सेंटिमीटर. 1869 चा कालवा 8 मीटर खोल होता आणि त्याचा तळ 22 मीटर रुंद. अशा मातीच्या कालव्याला अभियंत्यांचं नेहमीचं मॅनिंगचं सूत्र लावलं, तर वेग येतो सेकंदाला सुमारे एक मीटर. म्हणजे रमतगमत चालणाऱ्या माणसाचा वेग. इजिप्त काही बुडालं नसतं. मात्र बारीक वाळू यापेक्षा बऱ्याच कमी वेगाने हलू लागते. म्हणजे काठ अहोरात्र खरवडले गेले असते, वळणांवर वाळूचे बांध साचले असते आणि उत्तरेकडून येणाऱ्या जहाजाला सबंध वाट प्रवाहाविरुद्ध चालावं लागलं असतं. मग दरवाजे बसवावेच लागले असते. फरक शून्य निघाला म्हणून ते वाचले.

खरं तर फरक अगदी शून्य नाही, आणि मला या कालव्यातलं सगळ्यात सुंदर वाटतं ते इथेच आहे. पोर्ट सैदला भरती-ओहोटीतलं अंतर अर्ध्या मीटरपेक्षाही कमी. सुएझला मात्र उधाणाच्या वेळी ते दीड ते दोन मीटरपर्यंत जातं. मुंबईच्या चार-साडेचार मीटरच्या उधाणापुढे हे किरकोळ आहे, पण कालव्याचं एक तोंड दर सहा तासांनी वर-खाली होतं आणि दुसरं जवळपास स्थिर राहतं, हे लक्षात घ्या. मग ही भरतीची लाट सबंध कालव्यातून धावत का नाही? कारण वाटेत कडू सरोवरं लागतात.

सुएझपासून साधारण 25 किलोमीटरवर हा खोलगट भाग आहे. कालव्याआधी तो कोरडा होता. तळाला मध्यभागी दहा मीटरहून जाड मिठाचा थर. 1869 मध्ये त्यात समुद्राचं पाणी सोडलं. तेही धरणासारखा बांध घालून, बेताबेताने. नाहीतर आत कोसळणाऱ्या पाण्याने नव्या कालव्याचे काठच धुऊन नेले असते. भरल्यावर सुमारे 250 चौरस किलोमीटरचा जलाशय तयार झाला.

त्या वेळच्या कालव्यात पाण्याचा छेद होता 300 चौरस मीटरच्या आसपास. भरतीत पाणी सेकंदाला सरासरी अर्धा मीटर वेगाने आत येतं असं धरलं, तर सहा तासांत सुमारे बत्तीस लाख घनमीटर पाणी सरोवरात शिरतं. 250 चौरस किलोमीटरवर पसरल्यावर त्याची जाडी किती? जेमतेम सव्वा सेंटिमीटर. तेवढ्यात ओहोटी लागते आणि तेच पाणी माघारी फिरतं. सुएझच्या तोंडाशी दीड मीटरची उलथापालथ आणि सरोवरात बोटभर चढउतार! आजच्या कालव्याचा छेद त्याच्या पंधरापटीहून मोठा आहे, म्हणून हे आकडे आज जसेच्या तसे लावू नयेत. पण गादीने धक्का खावा तशी ही सरोवरं भरती आजही जिरवतात. त्यामुळे त्यांच्या दक्षिणेला प्रवाह दिवसातून चारदा दिशा बदलतो, आणि उत्तरेला तो मंद, ऋतूंप्रमाणे वागणारा: हिवाळ्यात भूमध्य समुद्राकडे, उन्हाळ्यात उलटा.

खोदकामाबद्दल थोडक्यात. 25 एप्रिल 1859 रोजी काम सुरू झालं. पहिली काही वर्षं एकावेळी वीसेक हजार इजिप्शियन शेतकरी वेठीला धरून फावड्या-टोपल्यांनी माती काढली गेली. 1864 च्या सुमारास वेठ बंद झाली आणि मग यंत्रांवाचून पर्याय उरला नाही. वाफेवर चालणारे, बादल्यांची साखळी असलेले गाळउपसे आले. त्यांपैकी काहींना 70 मीटरपर्यंत लांब पन्हळ जोडली होती. गाळ पन्हळीत टाकायचा आणि पंपाने पाणी सोडून तो वाहवत थेट काठापलीकडे न्यायचा, म्हणजे होड्या भरून वाहतूक करायची गरज नाही. एकूण सुमारे साडेसात कोटी घनमीटर माती निघाली, त्यातली बरीचशी या यंत्रांनी. पोर्ट सैदला नाईलचा गाळ किनाऱ्याने पूर्वेकडे सरकतो. तो तोंडात साचू नये म्हणून पश्चिमेला समुद्रात लांबलचक बांध घातला. तिथे दगड नाही, म्हणून फ्रान्सहून पाण्यात घट्ट होणारा चुना आणून, त्यात वाळू मिसळून वीस-बावीस टनांचे ठोकळे जागेवरच पाडले.

17 नोव्हेंबर 1869 ला कालवा खुला झाला. लंडन ते मुंबई अंतर आफ्रिकेला वळसा घालून सुमारे 10,700 सागरी मैल होतं, ते 6,300 वर आलं. पण फायदा सगळ्यांना सारखा झाला नाही. तांबड्या समुद्राच्या उत्तर भागात वारा बहुतेक काळ उत्तरेकडून वाहतो. शिडाच्या जहाजाला युरोपकडे जाताना तो तोंडावर येतो आणि अरुंद कालव्यात तर शिडं फिरवायलाच जागा नाही. आगबोटीची अडचण वेगळी होती: केपच्या लांब वाटेवर कोळशानेच तिचं पोट भरायचं, मालाला जागा उरायची नाही. वाट आखूड झाली, पोर्ट सैद आणि एडनला कोळसा मिळू लागला आणि ही अडचण हलकी झाली. म्हणजे कालव्याने नुसतं अंतर कापलं नाही, कोणतं जहाज टिकणार तेही ठरवलं. चहा वाहून आणण्यासाठी बांधलेलं ‘कटी सार्क’ हे नामांकित शिडाचं जहाज कालवा उघडल्यानंतर पाचच दिवसांनी पाण्यात उतरलं. त्या धंद्यातले त्याचे दिवस तेव्हाच भरत आले होते. इकडे मुंबईत 1875 मध्ये ससून डॉक आणि 1880 मध्ये प्रिन्सेस डॉक उभा राहिला.

सुएझ कालवा खोदणाऱ्या कंपनीचा फ्रेंच प्रमुख दि लेसेप्स याला त्या यशाने वाटलं की हेच पनामात करू. 1881 मध्ये त्याने तिथेही समुद्रसपाटीचाच कालवा खोदायला घेतला. पण तिथे वाळवंट नव्हतं, डोंगर होता. कापलेला उतार पावसाळ्यात खाली घसरायचा आणि चाग्रेस नदीचा पूर खोदलेल्या खड्ड्यात शिरायचा. कामगार पिवळ्या तापाने आणि मलेरियाने मरत होते. शिवाय पॅसिफिकच्या बाजूला उधाणाची भरती सहा मीटरच्या घरात, दुसरीकडे अर्धा मीटरही नाही आणि मध्ये कडू सरोवरांसारखी गादी नाही. 1889 मध्ये कंपनी बुडाली. पुढे अमेरिकनांनी नदीलाच धरण घातलं आणि जहाजं 26 मीटर उचलणारे दरवाजे बांधले. तेच ते ॲनिमेशन.

जाता जाता, ‘दोन समुद्रांचं पाणी कधीच मिसळत नाही’ असा चमत्काराचा व्हिडिओ पाठवणाऱ्यांसाठी: तांबड्या समुद्रातल्या शेकडो जाती सुएझमार्गे भूमध्य समुद्रात जाऊन स्थायिक झाल्या आहेत. विषारी फुग्या मासा त्यातलाच, आणि इस्रायलच्या वीजकेंद्रांचे पाण्याचे नळ तुंबवणारं जेलीफिशही. सुरुवातीला कडू सरोवरांच्या तळातलं मीठ विरघळून पाणी इतकं खारट होत असे की बरेच जीव तिथेच अडत. मीठ संपत आलं, कालवा रुंदावला, तशी ही आडकाठी गेली.

23 मार्च 2021 ला ‘एव्हर गिव्हन’ हे 400 मीटर लांबीचं जहाज कालव्यात आडवं रुतलं, तेही सरोवरांच्या दक्षिणेला, सुएझच्या बाजूला. नाकाभोवतीची सुमारे 30,000 घनमीटर वाळू उपसली, टगबोटींनी ओढलं, तरी ते पुरेसं हललं नाही. 28 तारखेला पौर्णिमा होती. उधाणाचं पाणी चढलं आणि 29 ला जहाज सुटलं. ते सरोवरांच्या उत्तरेला रुतलं असतं, तर एवढं पाणी चढलंच नसतं. कदाचित कंटेनर उतरवत बसावं लागलं असतं.