रक्तदानाने महिनाभर अशक्तपणा येतो?

“रक्त दिलं की महिनाभर अंगात त्राण राहत नाही. कॉलेजच्या शिबिरात मुलं चक्कर येऊन पडतात, ती त्यामुळेच.”

आधी हिशोब करू. शरीरात किलोमागे साधारण 70 मिली रक्त असतं. 52 किलोच्या विद्यार्थिनीत ते साडेतीन लिटरच्या थोडं वर भरतं. तिच्याकडून घेतात 350 मिली, म्हणजे जेमतेम दहावा हिस्सा. त्यातला पातळ भाग, प्लाझ्मा, एक-दोन दिवसांत भरून येतो. तांबड्या पेशींना काही आठवडे लागतात, लोहाला त्याहूनही जास्त. म्हणूनच दोन रक्तदानांत पुरुषांना तीन आणि स्त्रियांना चार महिने थांबवतात. त्या दिवशी जिम आणि धावणं टाळा. लेक्चरला खुशाल बसा.

मग चक्कर का येते? काहींना ती सुई टोचण्याआधीच येते, तेव्हा तर थेंबही गेलेला नसतो. भीतीने नाडी मंदावते, रक्तवाहिन्या सैलावतात, रक्तदाब घसरतो. उपाशीपोटी आलेल्यांना हा त्रास अधिक. नाश्ता करून या, आधी दोन ग्लास पाणी प्या. सुई चालू असताना मांड्यांचे स्नायू आवळून सोडत राहा, त्याने दाब टिकतो. घाम फुटला, जांभया आल्या, तर लगेच सांगा.

सुई इंजेक्शनच्या सुईपेक्षा जाड असते, हे खरंच. पण ती पिशवीलाच जोडलेली, एकदाच वापरायची असते. सील तुमच्यासमोर फोडायला सांगा.

हिमोग्लोबिन 12.5 पेक्षा कमी असेल तर रक्त घेतच नाहीत. मुलींच्या बाबतीत हे बरेचदा घडतं. तो आकडा लिहून ठेवा आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासा.