अनुभव प्रमाणपत्र वेगळं, शिफारसपत्र वेगळं

नोटीस पिरियड संपत आला की माणूस साहेबांकडे शिफारसपत्र मागतो आणि साहेब अनुभव प्रमाणपत्रच नव्याने टाइप करून देतात. वर 'कष्टाळू, प्रामाणिक, मनमिळाऊ' अशी विशेषणं, खाली 'पुढील वाटचालीस शुभेच्छा'. दोघंही खूश. नवीन कंपनीत मात्र तो कागद फाइलला लागतो आणि कोणी वाचत नाही.

अनुभव प्रमाणपत्र सगळ्यांना माहीत आहे. ते एचआर देतं, रेकॉर्ड बघून देतं: पद, रुजू तारीख, शेवटचा दिवस. सही करणाऱ्याने तुम्हाला कधी पाहिलेलंही नसतं, आणि त्याची गरजही नसते. कामगारांच्या नोकरीच्या अटी ठरवणाऱ्या 1946 च्या स्थायी आदेशांच्या कायद्याखालच्या केंद्रीय नमुना नियमांत कायम कामगाराला सेवा प्रमाणपत्राचा हक्कच दिला होता. शिफारसपत्रावर असा हक्क सांगता येत नाही. ते द्यायचं की नाही, हे ज्याने तुमचं काम पाहिलं त्याच्या मर्जीवर. लेटरहेड, शिक्का, एक पान की दीड, हे फरक किरकोळ आहेत.

खरी गफलत मजकुरात होते. शिफारसपत्रात लोक त्या माणसाची जबाबदारी लिहितात, त्याने केलेलं काम लिहीत नाहीत. जबाबदारी ही खुर्चीची असते. उद्या त्या खुर्चीवर दुसरा कोणी बसला तरी ती तीच राहणार.

समजा, चाकणच्या एखाद्या कारखान्यातला स्टोअर्सचा माणूस सोडून चाललाय. नेहमीचं पत्र म्हणेल: 'साठ्याच्या नोंदी ठेवणे, इश्यू स्लिप तपासणे, पुरवठादारांशी समन्वय ही कामे त्यांनी उत्तम रीतीने सांभाळली.' हे वाक्य देशातल्या कुठल्याही स्टोअर्सवाल्याला चिकटवता येतं. त्याच्या सुपरवायझरने पाहिलेलं लिहिलं असतं, तर ते असं झालं असतं:

'ते आले तेव्हा नमुना म्हणून 50 वस्तू मोजल्या, तर कॉम्प्युटरवरचा आकडा आणि रॅकवरचा माल फक्त 38 वस्तूंचा जुळला. वर्षातून एकदा सगळं मोजण्याऐवजी त्यांनी रोज थोड्या वस्तू मोजायची पद्धत लावली. महागड्या आणि जास्त फिरणाऱ्या वस्तू आधी. फरक सापडला की आकडा नुसता दुरुस्त न करता ते कारण शोधत. बहुतेक वेळा रात्रपाळीत माल लाइनवर जायचा आणि इश्यू स्लिप सकाळी चढायची. माल हलण्याआधी स्लिप, हा नियम त्यांनी रात्रपाळीच्या लोकांशी बसून ठरवला. सहा महिन्यांनी तशाच 50 वस्तूंपैकी 47 जुळल्या.'

यात त्याच्याबद्दल एकही विशेषण नाही, तरी माणूस कसा आहे ते कळतं. आधी काय होतं, त्याने काय केलं, नंतर काय झालं, या तिन्हीपैकी मधलं सर्वांत महत्त्वाचं, आणि नेमकं तेच गळतं. नुसतं '76 टक्क्यांवरून 94 टक्के' लिहिलं तर त्यात त्याचा हात किती आणि कंपनीने त्याच वर्षी आणलेल्या बारकोडचा किती, हे वाचणाऱ्याला कसं कळणार? बारकोड आला असेल तर तसं लिहावं आणि त्याचा वाटा वेगळा सांगावा. 'यांच्यामुळे कंपनीचा नफा वाढला' असली वाक्यं तर मी सरळ खोडतो. स्टोअर्सच्या माणसाला नफ्याचं श्रेय दिलं की बाकीच्या पत्रावरचाही विश्वास उडतो.

प्रत्येक कामाला आकडा नसतो, आणि ओढूनताणून आणूही नये. ऑडिटरने मागितलेली जुनी चलनं त्याने त्याच दिवशी काढून दिली, एवढा प्रसंगही पुरतो. उलट ग्राहकाचं नाव, खरेदीचे दर, रिजेक्शनचे आकडे हे कंपनीचे. ते पत्रात नकोत. बऱ्याच कंपन्या सुपरवायझरला लेटरहेड वापरू देत नाहीत. तेव्हा एचआरला विचारून स्वतःच्या नावाने लिहावं आणि 'मी इतका काळ यांचा थेट वरिष्ठ होतो' हे पहिल्याच ओळीत सांगावं.

'तूच लिहून आण, मी सही करतो' ही पद्धत मला अजिबात पटत नाही. माणूस स्वतःबद्दल लिहितो तेव्हा एकतर लाजतो नाहीतर फुगवतो, आणि नवीन कंपनीतून फोन आला की साहेबांना स्वतःच्याच पत्रातला आकडा आठवत नाही. जाणाऱ्याने मसुदा नव्हे, मुद्दे द्यावेत: कुठलं काम, कधी, आधी-नंतरच्या नोंदी कुठे सापडतील. साहेबांनी त्या नोंदी उघडून बघाव्यात आणि त्यातलं जे स्वतः पाहिलंय तेवढंच लिहावं, मग पत्र अर्ध्या पानाचं झालं तरी हरकत नाही.