सगळे ‘एशियन’ श्रीमंत?

‘अमेरिकेत एशियन लोक सगळ्यांत श्रीमंत, हे आकडेच सांगतात ना?’ दादरच्या एका वाचकाचा प्रश्न.

तो आकडा सगळ्या एशियन गटांचा मिळून आहे, प्रत्येक गटाचा नाही. २०१९ मध्ये एशियन कुटुंबाचं मध्यक वार्षिक उत्पन्न, म्हणजे निम्म्या कुटुंबांचं ज्याहून कमी आणि निम्म्यांचं जास्त, सुमारे ८५,८०० डॉलर होतं. पण भारतीयांचं १,१९,००० आणि म्यानमारहून आलेल्यांचं ४४,४००! पार्ल्या-दादरमधून सॉफ्टवेअरच्या नोकरीवर गेलेली मुलं शिक्षण आणि व्हिसाच्या चाळणीतून निवडलेली असतात. बर्मी लोकांतले बरेच जण निर्वासित म्हणून पोचले. भारतीय संख्येनं कितीतरी जास्त, त्यामुळे एकत्रित आकडा वर चढतो आणि बर्मी घरातली ओढाताण त्यात दिसतच नाही. मला हे फार खटकतं. जनगणनेच्या फॉर्मवर भारतीय, चिनी, व्हिएतनामी असे वेगळे चौकोन आहेत. बर्मी माणूस ‘इतर एशियन’पुढे स्वतः लिहितो. तपशील गोळा होतो, बातमीत मात्र एकच आकडा छापतात.